मदत हवी आहे: कौतुक करायला गेले आणि 'स्किनी' म्हणून बसले

टिंबटिंब
मंडळी, थोडी लाज वाटतेय, पण विचारतेच. माझी एक सहकारी दुसऱ्या देशातून काम करते. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत, तेही बहुतेक लिहूनच. चार महिन्यांनी परवा ती व्हिडिओ कॉलवर दिसली. धावायला लागल्यापासून चांगलीच बारीक झालीये. कॉल संपल्यावर मी उत्साहाने लिहिलं, 'यू हॅव बिकम सो स्किनी!' तिचं उत्तर आलं, 'आउच. लीन, आय होप.' पुढे डोळा मिचकावणारा चेहरा. (आपल्या मराठीतल्या 'लीन'मुळे क्षणभर वाटलं, बाई नम्र झालीये की काय.)

मग शब्दकोश उघडला. स्लिम म्हणजे बारीक, सडपातळ. स्किनी म्हणजे बारीक, कृश. लीन म्हणजेही बारीक, कृश. तिघांचा अर्थ एकच, तर तिला लागलं काय? आणि स्किनी इतकं वाईट असेल तर लोक हौसेने स्किनी जीन्स कशी घालतात?

अर्धचंद्र
सोपं आहे. स्लिम म्हणजे कौतुक, लीन म्हणजे खेळाडूचं कौतुक, स्किनी म्हणजे टोमणा. अर्थ तोच, फक्त सूर वेगळा. स्किनीमध्ये 'स्किन' आहे, म्हणजे नुसती कातडी उरली. शब्दाच्या मुळातच अपमान आहे. पाठ करून टाका, विषय संपला.

खारीक_बदाम
माझाही हाच प्रॉब्लेम आहे. लहानपणापासून हडकुळा. काहीही खा, अंगाला लागत नाही. वजन वाढवायला कुणी काय केलंय का?

टिंबटिंब
@खारीक_बदाम, धागा वजनाचा नाही हो, शब्दांचा आहे :)

पानपुसणी
मी बरीच वर्षं इंग्रजी-मराठी अनुवाद करते, आणि हे तीन शब्द नेहमी छळतात. अर्धचंद्र यांचं निम्मं बरोबर आहे. सुराबद्दल ते म्हणतात तसंच आहे, पण 'अर्थ तोच' हे पटत नाही आणि मुळाचं कारण तर अजिबात नाही.

आधी मूळ बघू. स्लिम इंग्रजीत आला सतराव्या शतकात, डच आणि त्याच्या शेजारच्या बोलींतून. तिकडे त्याचा अर्थ होता वाईट, लबाड. त्याचाच भाऊ जर्मनमध्ये आजही 'वाईट' या अर्थाने वापरतात, आणि डचमध्ये तोच शब्द 'हुशार' झालाय. मुळातच अपमान असता तर स्लिम ही आज शिवी असती.

आता अर्थ. तिन्ही शब्द 'वजन कमी' एवढंच सांगून थांबत नाहीत, प्रत्येकाची नजर वेगळ्या ठिकाणी जाते. स्लिम बांध्याकडे बघतो, म्हणून कंबर स्लिम असते. लीन चरबीकडे बघतो. कमी चरबीच्या मांसालाही लीनच म्हणतात, त्यामुळे ऐंशी किलोचा कमावलेला धावपटूही लीन असू शकतो, स्लिम मात्र त्याला कुणी म्हणणार नाही. स्किनीची नजर जाते काय नाही त्याकडे: मांस नाही, हाडं दिसतायत. म्हणून पाय स्किनी, हात स्किनी, गुडघे स्किनी. तुमच्या मैत्रिणीने चार महिने धावून पायात ताकद आणली आणि तुम्ही नेमकं सांगितलंत की पायात काही उरलं नाही. 'लीन' म्हणून तिने तेवढीच दुरुस्ती केली.

टिंबटिंब
अरे देवा. पण मी मनात म्हटलं होतं, 'अय्या, किती बारीक झालीस!' त्याचंच इंग्रजी केलं.

पानपुसणी
तिथेच गोची आहे. आपला 'बारीक' बराचसा कोरा शब्द आहे, त्यात सूर भरतो तो आवाज. तेच 'किती बारीक झालीस' डोळे मोठे करून म्हटलं की कौतुक, भुवया आक्रसून म्हटलं की काळजी. इंग्रजीत त्याच्या जवळचा कोरा शब्द 'थिन'. स्किनी स्वतःचा सूर बरोबर घेऊन येतो. आणि तुम्ही लिहिलंत, म्हणजे तो झाकायला तुमचा आवाजही नव्हता. 'अय्या, किती हडकलीस!' असं वाचल्यावर कसं वाटेल, तसं तिला वाटलं असणार.

मला मराठी शब्द निवडायचा असेल तर साधारणपणे स्लिमला सडपातळ, लीनला काटक, स्किनीला किडकिडीत. काटक अगदी नेमका नाही. त्यात चिवटपणा येतो, जो लीनमध्ये असेलच असं नाही.

चष्मेवाला
१९४८ साली बर्ट्रांड रसेलने बीबीसीच्या एका कार्यक्रमात याच गोष्टीची थट्टा केली होती. मी ठाम, तू हट्टी, तो तर निव्वळ आडमुठा, अशा धर्तीची. वागणं तिघांचं एकच, शब्द बदलतो तो बोलणारा कुणाच्या बाजूने आहे त्यावर. इथे लावा: मी सडपातळ, तू बारीक, तो काडीपैलवान.

टिंबटिंब
हाहा, हे लक्षात राहील. पण नवा शब्द समोर आला की कळायचं कसं? दर वेळी कुणाला तरी 'आउच' म्हणायला लावून?

पानपुसणी
एक तर शिकणाऱ्यांसाठी असतात ते इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश बघा. त्यांत शब्दापुढे 'पसंतीदर्शक', 'नापसंतीदर्शक' अशी खूण असते. तुम्ही पाहिलेल्या द्विभाषी कोशात ती बहुतेक नसते, म्हणून तिघेही सारखे दिसले.

दुसरं, त्या नव्या शब्दाच्या आधी 'टू' लावून बघा, आपला 'फारच'. 'टू स्किनी' लोक सर्रास म्हणतात. माणसाबद्दल 'टू स्लिम' मात्र अडखळतं, कारण स्लिममध्ये 'जेवढं हवं तेवढंच' हे आधीच धरलेलं असतं. आपल्याकडेही 'फारच किडकिडीत' चालतं, 'फारच सुडौल' म्हटलं की जीभ अडते. ही युक्ती दर वेळी चालत नाही बरं. मांस किंवा खेळाडू 'टू लीन' असू शकतात.

अर्धचंद्र
मुळाबद्दल चुकलो, मान्य. पण मग स्किनी जीन्सचं काय?

पानपुसणी
तिथे स्किनी कापडाच्या मापाबद्दल बोलतोय, जीन्सला हाडं नाहीत. हा सूर शब्दाला कायमचा चिकटलेला नसतो, माणसाच्या शरीराबद्दल बोलताना चिकटतो. उलटही होतं. 'स्लिम चान्स' म्हणजे जवळजवळ आशा नाहीच, आणि 'लीन इयर्स' म्हणजे ओढगस्तीची वर्षं. कौतुकाचे दोन्ही शब्द तिथे पार पडेल होतात.

चष्मेवाला
आणि ऑफिसात 'लीन टीम' म्हणाले की समजायचं, चौघांचं काम दोघांवर येणार.

रानफूल
मला एक पटलं नाही. मी परदेशात शिकत असताना माझ्या मैत्रिणी एकमेकींना बिनधास्त 'यू आर सो स्किनी' म्हणायच्या आणि ते कौतुकच असायचं. थोडं हेवा मिसळलेलं. टिंबटिंब यांनी काही गुन्हा केलेला नाही.

पानपुसणी
होतं तसं, मी नाकारत नाही. पण त्यात ती हेव्याची फोडणी असतेच. म्हणूनच ऐकणारीला 'थँक्यू' म्हणावं की 'नाही गं' म्हणावं, हे कळत नाही. स्लिमला असं अडायला होत नाही.

रानफूल
माझ्या मैत्रिणी तरी थँक्यूच म्हणायच्या.

टिंबटिंब
बरं, आता तिला काय लिहू? 'सॉरी, आय मेंट स्लिम' चालेल?

पानपुसणी
नको. तिने स्वतःचा शब्द स्वतःच सांगितलाय, तोच उचला. तुम्ही स्लिम म्हणालात तर पुन्हा दिसण्यावर याल, आणि ती तर धावण्याबद्दल बोलतेय.

टिंबटिंब
लिहिलं: 'लीन, ऑफ कोर्स. किती धावतेस आता?' दहा मिनिटांत तिने आठवड्याचं अख्खं वेळापत्रक पाठवलंय. शेवटी विचारलंय, 'मराठीत लीनला काय म्हणतात?' काटक सांगू की थांबू?

खारीक_बदाम
माझ्यासाठी किडकिडीतपेक्षा बरा शब्द कुठला? हेही सांगा कुणीतरी.