अनुभव धागा: शनिवार-रविवार ऑफिसचं नेटवर्क बंद असतं तेव्हा सोमवारी काय काय होतं?

तळमजला_आयटी

पुण्यात एका तीन मजली ऑफिसच्या आयटीत आहे. पुढच्या शनिवारी आमचा मुख्य स्विच बदलायचाय आणि सूचना लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. आजवर आम्ही 'मेंटेनन्समुळे सेवा खंडित राहतील, गैरसोयीबद्दल क्षमस्व' एवढंच लिहायचो आणि सोमवारी बोलणी खायचो. या वेळचा मसुदा असा:

*शनिवारी रात्री 9 ते रविवारी संध्याकाळी 6 ऑफिसचं नेटवर्क पूर्ण बंद राहील. वायफाय, टेबलावरचे फोन, प्रिंटर, Z: ड्राइव्ह आणि घरून लावायचं व्हीपीएन चालणार नाही. मेल मोबाईलवर चालू राहील. शुक्रवारी निघताना Z: वरच्या फाइली सेव्ह करून बंद करा आणि कॉम्प्युटर शटडाउन करा. रविवारी नेट आलेलं दिसलं तरी 6 च्या आधी कामाला लागू नका, मधेच पुन्हा जाईल.*

यात काय राहिलंय? सल्ल्यापेक्षा तुमच्याकडे घडलेलं सांगा.

हिशेबनीस

तारीख कॅलेंडरवर बघितली का? एप्रिल 2025 मध्ये 20 तारीख रविवारी होती आणि नेमका तोच रविवार आमच्या आयटीने धरला. 20 ला जीएसटीआर-3बी भरायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. मला म्हणाले, 'पोर्टल तर बाहेरचं आहे, मोबाईलच्या नेटवर भरा की.' पोर्टल उघडलं हो, पण आकडे टॅलीत आणि टॅली सर्व्हरवर! शेवटी शनिवारी दुपारी ऑफिसात बसून लागतील ते सगळे रिपोर्ट एक्सेलमध्ये काढून लॅपटॉपवर घेतले. रविवारी घरून भरताना एका बिलाची शंका आली, तेवढ्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबले. 7 आणि 20 च्या आसपासचा शनिवार धरू नका, एवढं साहेबांना सांगा.

निवांत

फाइली बंद करा वगैरे कशाला घाबरवताय लोकांना? एक्सेल आपोआप सेव्ह करतं. मी तर कधीच बंद करत नाही.

तळमजला_आयटी

@निवांत, ते वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवरच्या फाइलींचं. Z: वर तसं होत नाही. एक्सेल दर दहा मिनिटांनी रिकव्हरीची प्रत ठेवतं, पण ती तुमच्या मशिनवर, आणि मूळ फाइल जुनीच राहते. मागच्या वेळी आमच्या स्टोअरच्या बाईंनी स्टॉकची फाइल उघडी ठेवून घर गाठलं. सोमवारी त्यांना सेव्ह होईना, आणि दुसऱ्या खुर्चीवरच्याने तीच फाइल उघडून सकाळच्या नोंदी केल्या. दोन फाइली शेजारी लावून ओळ न् ओळ ताडायला दुपार गेली.

निवांत

बरं. माझ्या सगळ्या वनड्राइव्हवर आहेत म्हणून कळलं नसेल.

केबलवाला

वीस वर्षं हेच काम करतोय. सूचना चांगली आहे, पण रविवारी 6 वाजता 'झालं' कशावरून म्हणणार, ते आधी ठरवा. आमचा किस्सा सांगतो.

असाच मुख्य स्विच बदलला. रविवारी प्रत्येक मजल्यावर लॅपटॉप घेऊन फिरलो, वायफाय लागलं, प्रिंट निघाली, Z: उघडला. सही करून घरी. सोमवारी सव्वानऊला तिसऱ्या मजल्यावरून पहिला फोन, दहा मिनिटांत रांग. वायफायचं चिन्ह सगळ्यांकडे पूर्ण, पण काहीच उघडेना. एकाच्या मशिनवर `ipconfig` मारलं तर पत्ता 169.254 ने सुरू होणारा. म्हणजे मशिनने पत्ता मागितला, कोणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला.

कारण साधं होतं. पत्ते वाटणारा सर्व्हर तळमजल्यावर. तिसऱ्या मजल्याच्या वायफायची मागणी त्याच्यापर्यंत पोचवायची एक ओळ स्विचमध्ये लागते, तीच नव्या स्विचमध्ये टाकायची राहिली. मग रविवारी चाललं कसं? माझा लॅपटॉप शुक्रवारपासून ऑफिसातच होता. त्याच्याकडे जुना पत्ता होता, मुदत आठ दिवसांची. स्विचने ओळख दिली, म्हणून त्याने तोच पुढे वापरला. बाकीचे लॅपटॉप शनिवार-रविवार घरच्या वायफायवर राहून आले, त्यांना नवा पत्ता हवा होता. ओळ टाकायला दोन मिनिटं लागली, शोधायला पाऊण तास.

तेव्हापासून प्रत्येक मजल्यावर आधी जुना पत्ता सोडायचा, मग तपासायचं:

```
ipconfig /release
ipconfig /renew
```

नवा पत्ता मिळाला तरच पुढच्या मजल्यावर. आणि परत फिरायची वेळही आधी लिहून ठेवा. रविवारी दुपारी 2 पर्यंत नवा स्विच नीट चालला नाही तर जुना लावायचा, वाद नाही. जुना सोमवार संपेपर्यंत भंगारात टाकू नका.

भोरकडचा

आमच्याकडे दर गुरुवारी लाइट जाते, सूचना फक्त मेसेजवर येते आणि वेळ कधीच खरी नसते. त्यावर पण धागा काढा.

तळमजला_आयटी

@भोरकडचा, तो वेगळा विषय हो, पण दुःख समजलं.

@केबलवाला, परत फिरायची वेळ आमच्या प्लॅनमध्ये नव्हतीच. घातली. आणि release वाली तपासणीही.

मस्कतकर

'वीकेंड' हा शब्द जपून वापरा. आमच्याकडे ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवार. मुंबईच्या हेड ऑफिसची सूचना आली, 'रविवारी दिवसभर बंद'. आमचा तो आठवड्याचा पहिला दिवस! शिवाय वेळ कुठली ते लिहिलेलंच नाही, आम्ही भारताच्या दीड तास मागे. गोदामातला पोरगा व्हीपीएन लागेना म्हणून सकाळभर पासवर्ड टाकत बसला आणि खातं लॉक करून घेतलं. ते उघडून देणारे सुट्टीवर.

हेल्पडेस्क_कोपरा

पासवर्डवरून आठवलं. ज्यांच्या पासवर्डची मुदत त्या दोन दिवसांत संपते, त्यांची सोमवारी हमखास फजिती. घरी लॅपटॉप जुन्या पासवर्डवर उघडतो, कारण तो त्याने लक्षात ठेवलेला असतो. म्हणून माणसाला वाटतं सगळं ठीक. मग व्हीपीएन नकार देतं, आणि नवा पासवर्ड ठेवायला आधी व्हीपीएन लागावं लागतं. आम्ही बुधवारी यादी काढतो आणि त्या लोकांना फोन करतो. मेल केला तर वाचत नाहीत. शुक्रवारी ऑफिसात बसूनच बदलून घ्यायला लावतो.

पण 'शटडाउन करा' यावर माझं आमच्या टीमशी पटत नाही. मी म्हणते बंद करा. ते म्हणतात चालू ठेवा, रविवारी रात्री अपडेट ढकलता येतात. अजून ठरलेलं नाही.

केबलवाला

बंदच करा. निदान सोमवारी सगळे ताजे उठतात.

हिशेबनीस

आमच्या आयटीचा उलट आग्रह असतो. ज्याचं त्याचं.

रात्रपाळी

टेबलावरचे फोन लिहिलेत ते बरं केलंत. पण ते फोन स्विचच्याच वायरवरून वीज घेतात, म्हणजे स्विच गेला की फोन मुका. आमच्या गेटवरचा वॉचमनचा फोनही त्यातलाच निघाला. शनिवारी रात्री लिफ्टमध्ये एक जण अडकला, आतलं बटण दाबलं की गेटवर रिंग जायची, ती गेलीच नाही. वीस मिनिटांनी हाका मारून बाहेर आला. सूचना स्टाफला मेलने गेली होती, वॉचमनला मेल असतो कुठे?

तळमजला_आयटी

हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या लिफ्टचं बटण कुठे वाजतं ते मलाही माहीत नाही, उद्या दाबून बघते. गेटवर सूचना कागदावर मराठीत लावते, आणि त्या रात्रीपुरता एक मोबाईल देते. नंबर लिफ्टच्या दाराला चिकटवायचा.