मांडीमागची शीर सुटतच नाही, स्ट्रेचिंग करून थकलो. नसेचा प्रॉब्लेम का कमजोरी?

आर्वीचा_रनर:
भाऊ लोक मदत करा. पोलीस भरतीची तयारी चालू आहे, १६०० मीटर बरं निघते पण १०० मीटरला उजव्या मांडीच्या मागून अशी ओढ येते का पाय पूर्ण पडतच नाही. सकाळी ग्राउंडवरून आल्यावर पाठीवर झोपून पंजात दुपट्टा अडकवतो आन् पाय सरळ वर ओढतो, चांगला वेळ धरून ठेवतो. तेवढ्यापुरतं मोकळं वाटते, अभ्यासिकेत दोन तास बसून उठलो का पुन्हा तसंच, उलट जास्तच. ओढ गुडघ्याच्या मागून पोटरीपर्यंत जाते. डावा पाय ठीक आहे. वर्ष होत आलं राजेहो, वाकलो तर हात नळीच्या खाली जात नाही. अजून काय ताणू?

कास्तकार७२:
मलेही रात्री पोटरीत गोळे येतात, फवारणीच्या दिवसात तर लयच. लिंबूपाणी मीठ टाकून पी, दोन दिवसात फरक पडते.

आर्वीचा_रनर:
काका गोळा नाही येत, ओढ येते, ते वेगळं.

वऱ्हाडी_पैलवान:
स्ट्रेचिंगच बंद कर बे. हॅमस्ट्रिंग कमजोर असली का टाईट वाटते, लांबी कमी नसते तिची. माहं पण असंच होतं, डेडलिफ्ट सुरू केल्या आन् मोकळं झालं. बारबेल नसन तर सोयाबीनचं अर्धं कट्टं उचल, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाक.

फिजिओ_ताई:
पैलवान भाऊ, कमजोरीचं बरोबर आहे, पण याची ओढ पोटरीपर्यंत जाते आन् बसल्यावर वाढते, म्हणून कट्टं उचलायच्या आधी नस बघून घेऊ.

रनर भाऊ, उंच टेबलाच्या काठावर बसा, पाय लोंबकळत, हात पाठीमागे. पोक काढून बसा, हनुवटी छातीला लावा आन् उजवा गुडघा हळूहळू सरळ करा. तुमची ती ओळखीची ओढ आली का थांबा. आता पाय तिथंच ठेवून फक्त मान वर करा. ओढ कमी झाली, गुडघा अजून सरळ गेला, तर ती स्नायूची नाही. मान हलवल्यानं मांडीचा स्नायू सैल पडत नाही, पण मणक्यातून पायात जाणारी नस सैल पडते. थोडी ओढ चांगल्या माणसालाही येते, म्हणून डाव्या पायानं करून फरक बघा.

कमजोरीसाठी पाठीवर झोपा, एक टाच खुर्चीवर, गुडघा थोडासाच वाकलेला, दुसरा पाय वर. टाच दाबून कंबर उचला, खाली आणा, मोजत जा. वीसच्या आत दम निघाला तर कमजोर समजा. दोन्ही बाजू करा.

आर्वीचा_रनर:
केलं ताई. उजव्या पायाला मान वर केली का गुडघा चांगला वीतभर पुढं गेला, मीच दचकलो. डाव्याला काहीच फरक नाही. पण ब्रिजमध्ये उजवा बारालाच वाकडा झाला, मांडीत गोळाच आला, डावा पंचवीसच्या वर गेला. आता हे काय समजायचं? आन् दुपट्ट्यात पंजा सैल सोडला तरी ओढ जाते, ते पण नसेचंच ना?

फिजिओ_ताई:
पंजावरून नक्की सांगता येत नाही, तो सोडला का पोटरीपण सैल होते. मानेवरचा फरक जास्त कामाचा. दोन्ही गोष्टी आहेत असं दिसते. दुपट्ट्यानं पंजा ओढून धरून ठेवणं बंद करा, त्यात तुम्ही रोज नसच ताणत होता, आन् चिडलेली नस स्नायूला अजून आवळायला लावते.

त्याऐवजी बसून गुडघा सरळ करताना मान वर, गुडघा वाकवताना हनुवटी खाली. शेवटी थांबायचं नाही, झोका दिल्यासारखं. दहा-बारा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. नंतर मुंग्या राहिल्या तर कमी करा. सोबत दोन पायांचा ब्रिज एक दिवसाआड, जमला का एका पायावर, डेडलिफ्ट त्यानंतर हलक्यानं. स्नायूचा फरक कळायला सहा ते आठ आठवडे जातील.

वऱ्हाडी_पैलवान:
म्हणजे शेवटी डेडलिफ्टच.

फिजिओ_ताई:
हो, पण शेवटी. आन् भाऊ, कमरेत कधी दुखलं होतं का? पंजा उचलताना कमजोर वाटते, बोटं बधीर होतात? तसं असन तर इथं विचारत बसू नका, दाखवा. लघवी-संडासवर ताबा सुटला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला तर त्याच दिवशी मोठा दवाखाना.

आर्वीचा_रनर:
बधीर वगैरे नाही. पण मागच्या सोंगणीत कंबर धरली होती चार-पाच दिवस, त्यानंतरच सुरू झालं असन, तेव्हा ध्यानात नाही आलं. १०० मीटरची प्रॅक्टिस बंद करू का? ग्राउंड तोंडावर आहे.

फिजिओ_ताई:
ग्राउंड कधी आहे त्यावर आहे. पूर्ण जोर लावून पळणं सध्या थांबवा, ओढ येणार नाही इतक्या वेगानं चालेल. कंबर कोणाला तरी प्रत्यक्ष दाखवा, नस कुठं अडकते ते मला इथून नाही सांगता येणार.

कास्तकार७२:
ताई, ती मानेची टेस्ट मी पण केली, मले दोन्ही पायाला ओढ येते, मान वर केली तरी तेवढीच. मंग माहं काय?