मदत हवी आहे: समोरासमोरच्या दोन पानांवरील पर्जन्यतक्ता जोडून एकसंध कसा करावा?

पानाड्या:
एका जुन्या इंग्रजी छापील ग्रंथातील मासिक पावसाचा तक्ता मला स्प्रेडशीटमध्ये उतरवायचा आहे. प्रत्येक ओळ एका वर्षाची असून आकडे इंचांत आहेत. वर्ष आणि जानेवारी ते जून हे रकाने डाव्या पानावर, तर जुलै ते डिसेंबर आणि वार्षिक बेरीज उजव्या पानावर आहे. ग्रंथाची शिवण घट्ट असल्यामुळे ग्रंथालयात तो दाबून सपाट करू देत नाहीत, म्हणून दोन्ही पानांचा मिळून एकच फोटो काढावा लागला. मधल्या खोबणीच्या काळ्या पट्ट्यात जूनचा शेवटचा अंक आणि जुलैचा पहिला अंक बहुतेक ओळींमध्ये झाकला गेला आहे. शिवाय उजव्या पानावर वर्षाचा रकानाच नसल्याने कोणती ओळ कोणत्या वर्षाची, याचीही खात्री देता येत नाही. ओळी नेमक्या कशा जुळवाव्यात?

सह्याद्रीवासी:
फोटो संपादनाच्या कोणत्याही साधनात काळा पट्टा कापून दोन्ही भाग एकमेकांना चिकटवावेत आणि सावलीचा भाग उजळ करावा. माझे काम तेवढ्याने झाले होते.

मोडीवाचक:
सावली उजळण्याने सावलीतला अंक दिसेल, पण घडीत वळून गेलेला अंक फोटोत आलेलाच नसतो, तो उजळून कसा दिसणार? आणि चिकटवण्याबद्दल सांगायचे तर दोन्ही पाने खोबणीकडे वेगवेगळ्या कोनांत उतरतात. त्यामुळे वरची ओळ जुळवली तर खालच्या ओळी सरकतात. म्हणून चित्रे जोडण्याच्या भानगडीत न पडता प्रथम पाने वेगळी करावीत, प्रत्येक पान स्वतंत्रपणे सरळ करावे, आकडे वेगवेगळे उतरवावेत आणि जोडणी आकड्यांच्या पातळीवर करावी. ScanTailor मध्ये पाने विभागण्याची आणि वाक काढण्याची सोय आहे. वाक काढण्याची वक्ररेषा छापील आडव्या रेघेवर बसवली, तर खोबणीजवळची ओळ खाली झुकत नाही. त्यानंतर प्रत्येक पानावर:

```
tesseract dave.png dave --psm 6
```

झुकलेली ओळ तशीच राहिली, तर एका ओळीच्या दोन ओळी वाचल्या जातात आणि तिथून पुढची सगळी वर्षे एका घराने घसरतात. पाच-पाच वर्षांनंतर छपाईत मोकळी जागा सोडलेली असेल, तर दोन्ही पानांवरील ते गट आधी जुळवावेत.

वहीखाते:
माझ्याकडे आजोबांच्या दुकानाची जमाखर्चाची वही आहे. तिच्यातही डावी-उजवी पाने याच रीतीने जोडता येतील का?

मोडीवाचक:
आपल्या वहीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे असणार. तिथे समोरासमोरच्या ओळींचा एकमेकींशी संबंध नसतो, त्यामुळे त्या एका ओळीत जोडल्या तर चुकीचाच अर्थ निघेल. दोन्ही बाजू दोन स्वतंत्र याद्या म्हणून ठेवाव्यात.

पानाड्या, आपल्या तक्त्यात वार्षिक बेरीज आहे, ही फार मोठी सोय आहे. एखादी अशी ओळ पूर्ण लिहून द्याल का?

पानाड्या:
जानेवारी आणि फेब्रुवारी ०, मार्च ०.१२, एप्रिल ०.४५, मे १.३०, जून ४.७ आणि पुढचा अंक झाकलेला. जुलैचा फक्त .१८ दिसतो. नंतर ३.६२, ६.०४, २.७१, ०.३८, ० आणि बेरीज २४.५६.

मोडीवाचक:
दिसणाऱ्या दहा महिन्यांची बेरीज १४.६२ होते, म्हणजे जून आणि जुलै मिळून ९.९४ उरतात. त्यातून जुलैचे .१८ वजा केले की ९.७६ राहतात. जुलैचा झाकलेला भाग पूर्णांकच असल्यामुळे जूनचा अपूर्णांक .७६ असलाच पाहिजे. त्यावरून जून ४.७६ आणि जुलै ५.१८ ठरतो.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की जूनचा दिसणारा ७ हा अंक आपण गणितात वापरलाच नव्हता, तरीही तो जुळला. उजवीकडची ओळ दुसऱ्याच वर्षाची असती, तर तो जुळण्याची शक्यता साधारण दहात एक होती. म्हणून एका ओळीवर विश्वास न ठेवता पाच ओळींचा पूर्ण गट तपासावा. A मध्ये वर्ष, B पासून महिने आणि N मध्ये बेरीज असेल, तर जून-जुलैची एकत्रित रक्कम अशी मिळेल:

```
=ROUND(N2-SUM(B2:F2)-SUM(I2:M2),2)
```

सह्याद्रीवासी:
बेरीजच छापताना चुकली असेल तर? जुन्या तक्त्यांत असे आढळते.

मोडीवाचक:
तर ही रीत त्या ओळीपुरती निरुपयोगी ठरते. तळाशी महिनावार सरासरी असेल, तर जूनच्या रकान्याची वेगळी पडताळणी होऊ शकते, पण सरासरीही पूर्णांकित केलेली असते, त्यामुळे शेवटचा अंक तिच्यावरून ठरवू नये.

पानाड्या:
मनःपूर्वक आभार. १८९१ ते १८९५ या गटापासून उजवे पान एका ओळीने घसरले होते. वाचनात एक ओळ दुभंगली होती, ती जोडल्यावर त्या गटातील पाचही वर्षे जुळली. पुढच्या गटातील दोन वर्षे मात्र अजून जुळत नाहीत. त्या ओळींत काही महिन्यांच्या जागी नुसते ठिपके आहेत. पाऊस झालाच नाही की नोंद नाही, हे ग्रंथात कुठे लिहिलेले सापडले नाही.

मोडीवाचक:
तिथे शून्य भरू नये, घर रिकामे ठेवावे आणि दिसतील तेवढेच अंक प्रश्नचिन्हासह शेजारच्या वेगळ्या रकान्यात लिहावेत. ग्रंथ पुन्हा पाहायला मिळाला, तर तो अर्धाच उघडून प्रत्येक पानाचा वेगळा फोटो काढावा आणि प्रकाश पानाच्या वरच्या कडेकडून, खोबणीच्या लांबीच्या दिशेने येईल असे पाहावे. बाजूने आलेल्या उजेडाने एका पानाची सावली दुसऱ्यावर पडते.