मदत हवी आहे: किऑस्कवरचा रोबोट ‘दुकान’ला ‘दुपारीकान’ म्हणतो

निनाद_के
रोबोटने पुढचं वाक्य माणसासारखं बोलावं असा प्रयत्न आहे: ‘टोकन क्र. १४९, खोली क्र. ३०२, दु. ४:४५ वा.’ आवाजाचं मॉडेल ऑफलाइन चालतं आणि मजकुरातले अंक सरळ गाळून टाकतं. म्हणून अंक आणि संक्षेप मी आधीच अक्षरांत बदलतो. पण ‘दु.’ तसंच राहतं आणि ‘दुकान’चं ‘दुपारीकान’ होतं. ही ओळ बघा:

```python
text = re.sub(r"\bदु\b\.?", "दुपारी", text)
```

स्वरांकित
एसएसएमएलचा say-as टॅग लावा, इंजिन आकडे आपोआप वाचेल.

मेघना७
टॅग समजणारं इंजिन असेल तर चालेल, पण निनाद यांचं मॉडेल अंकच गाळतंय. शिवाय ‘दु.’ला टॅगचा उपयोग नाही.

खरी अडचण `\b` ची आहे. पायथनच्या `re` मध्ये काना, मात्रा, उकार हे शब्दाचे भाग धरले जात नाहीत. त्यामुळे ‘दु’च्या उकारानंतर टिंब आलं की दोन्ही बाजू शब्दाबाहेरच्या ठरतात आणि सीमा सापडत नाही. ‘दुकान’मध्ये मात्र उकारानंतर ‘क’ येतो, तिथे नसलेली सीमा दिसते. सीमा स्वतःच लिहा आणि टिंब सक्तीचं ठेवा:

```python
text = re.sub(r"(?<![\u0900-\u097F])दु\.\s*(?=\d)", "दुपारी ", text)
```

`\d` ला देवनागरी अंक चालतात, `int("१४९")` सुद्धा चालतं. हे सगळं वाक्यं तोडण्याआधी करा, नाहीतर ‘क्र.’च्या टिंबावर वाक्य संपलं असं समजून रोबोट मध्येच थांबेल.

पल्लवी_र
आमच्याकडे ‘चमचा’मधला च ‘चंद्र’मधल्यासारखा येतो. तेही यानेच सुटेल का?

मेघना७
नाही, तो उच्चाराचा प्रश्न आहे. लिपीत दोन्ही च सारखेच दिसतात, त्यासाठी शब्दांचा उच्चारकोश लागतो. वेगळा धागा काढा.

निनाद_के
चाललं! ‘दुकान’ शाबूत आहे. आता आकड्यांचं सांगा. शतक, दशक, एकक असे तुकडे जोडले तर ‘एकशे चाळीस नऊ’ येतं.

मेघना७
मराठीत शंभरच्या आतले आकडे जोडून बनत नाहीत. नव्याण्णवपर्यंतची यादी हातानेच भरा, मग १४९ म्हणजे ‘एकशे’ अधिक यादीतलं ‘एकोणपन्नास’. वेळेचा नियम वेगळा ठेवा: :१५ ला सव्वा, :३० ला साडे, :४५ ला पुढच्या तासाचं पावणे. १:३० दीड, २:३० अडीच आणि १२:४५ पाऊण हे अपवाद आधी तपासा. तुमचं वाक्य मग असं येईल: ‘टोकन क्रमांक एकशे एकोणपन्नास, खोली क्रमांक तीनशे दोन, दुपारी पावणेपाच वाजता’.

स्वरांकित
गोंगाटात ‘पावणेपाच’ ऐकून लोक पाचलाच येतील. ‘चार पंचेचाळीस’ जास्त स्पष्ट.

मेघना७
मला घड्याळाची वेळ पावणे-सव्वातच सहज वाटते. दोन्ही ऐकवून पाहा. ‘स. १० ते दु. ४ वा.’ आलं तर मात्र शेवटच्या ‘वा.’चं ‘वाजेपर्यंत’ करावं लागेल.

निनाद_के
यादी भरायला घेतोय. ‘ता.’ कुठे तारीख आणि कुठे तालुका, हे कसं ओळखता? पुढे अंक असला तर तारीख, एवढंच सुचलंय.