कॅमेरा उघडताच काळा पडदा : दोष कुठे होता, हे आपण कसे ओळखलेत?

अँड्रॉइड फोनवर कॅमेऱ्याचे ॲप उघडले की केवळ काळा पडदा दिसतो, किंवा ॲप क्षणभर उघडून आपोआप बंद होते, अशी तक्रार ओळखीच्या अनेकांकडून ऐकली. दोष परवानगीचा आहे, दुसऱ्या एखाद्या ॲपचा आहे की खुद्द कॅमेऱ्याचा, हे आपण कसे ओळखलेत, ते कृपया लिहावे. काय केल्यावर काय दिसले, हे क्रमाने आल्यास बरे.

ओसरी : आईच्या फोनवर व्हिडिओ कॉलमध्ये आम्हाला तिचा आवाज येई, पण चित्राच्या जागी काळोख दिसे. ॲपच्या परवानग्यांमध्ये कॅमेऱ्याला मुभा दिलेली होती, त्यामुळे प्रथम काहीच उमगेना. अँड्रॉइड १२ पासून संपूर्ण फोनचा कॅमेरा एका फटक्यात बंद करणारे Camera access नावाचे बटण आले आहे आणि ते वरून खाली ओढायच्या पट्टीत, टॉर्चच्या शेजारीही असू शकते. आईचे बोट त्यावर पडले होते. कॅमेरा पुन्हा सुरू करायचा का, असे फोन विचारत असे, पण ती चौकट ती न वाचताच बंद करी.

गणपुले_नाशिक : माझा अनुभव असा की, सेफ मोड हाच अंतिम निवाडा. पॉवरचे बटण दाबून धरावे, पडद्यावर आलेल्या ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून ठेवावे आणि सेफ मोडला होकार द्यावा. त्यात कॅमेरा चालला तर आपण टाकलेले एखादे ॲप दोषी, न चालला तर कॅमेरा गेला. माझ्याकडे तो चालला. नुकतेच टाकलेले फोटो सजवण्याचे ॲप काढल्यावर प्रश्न मिटला.

तारजोड : मी दुरुस्तीच्या व्यवसायात आहे. वरील विधानाचा पहिला अर्धा भाग योग्य आहे, दुसरा नाही. सेफ मोडमध्ये आपण टाकलेली ॲप बंद राहतात, परंतु फोनची मूळ प्रणाली तीच असते आणि ओसरी यांनी सांगितलेले बटण बंद असेल तर तेही बंदच राहते. तेव्हा तिथेही काळोख दिसला म्हणून लगेच कॅमेरा बदलायला निघू नये.

अलीकडचाच एक फोन सांगतो. मागे तीन लेन्स होत्या आणि ग्राहकाच्या म्हणण्यानुसार ‘कॅमेरा बंद’ होता. पुढचा कॅमेरा स्वच्छ दिसत होता. मागचा कॅमेरा 1x वर काळा होता, पण 0.5x वर आणताच चित्र उमटले, कारण तिथे वेगळी लेन्स आणि वेगळा सेन्सर काम करतो. परवानगीचा दोष असता तर त्या ॲपमध्ये सगळेच काळे दिसले असते. ॲपचा डेटा पुसला (याने काढलेले फोटो जात नाहीत, फक्त ॲपमधील आपल्या निवडी जातात), सेफ मोडही पाहिला, फरक पडला नाही. फोन सॅमसंगचा असल्याने डायलरवर *#0*# दाबून चाचणीचा पडदा उघडला. तिथेही मुख्य कॅमेरा काळाच. एवढे झाल्यावरच मागचे झाकण उघडले. फोन पडल्यामुळे मुख्य कॅमेऱ्याच्या पट्टीचा कनेक्टर एका कडेने उचकटला होता. तो नीट दाबून बसवला आणि चित्र आले. मॉड्यूल बदलावे लागले नाही, आणि पुष्कळ दुकानांत ते न पाहताच बदलले जाते, हे खेदाने म्हणावे लागते.

पाणंद : टॉर्च लागतो, म्हणजे कॅमेरा शाबूत, असे मला दुकानात सांगितले होते. ते खरे आहे का?

तारजोड : नाही. दिवा निराळा आणि सेन्सर निराळा. मात्र टॉर्च लावताना ‘कॅमेरा वापरात आहे’ असा संदेश आला, तर दुसऱ्या ॲपने कॅमेरा धरून ठेवल्याची शंका घ्यावी आणि ते ॲप ‘फोर्स स्टॉप’ करून पाहावे.

माळावरची : माझी तक्रार थोडी वेगळी आहे. चित्र व्यवस्थित दिसते, पण फोटो काढायचे बटण दाबले की ॲप बंद पडते. मुलाने फोटो साठवण्याची जागा मेमरी कार्डाऐवजी फोनवर केली, तेव्हापासून ते थांबले. कार्ड संगणकावरही वाचले जात नाही.

ओसरी : हा काळ्या पडद्याचा प्रकार नव्हे, तरी नोंद असलेली चांगली.

पाणंद : माझा फोन गार असताना कॅमेरा चालतो, उन्हात फिरल्यावर काळा पडतो. 0.5x आणि पुढचा कॅमेराही तेव्हा बंद असतो आणि सेफ मोडमध्येही तेच घडते.

तारजोड : सगळेच कॅमेरे एकाच वेळी जात असतील, तर एका पट्टीचा दोष संभवत नाही. उष्णता वाढल्यावर काही फोन स्वतःहून कॅमेरा बंद करतात, पण तसा संदेश बहुधा दिसतो. आपल्याला तो दिसतो का? नसेल तर मदरबोर्डाकडे पाहावे लागेल, आणि ते फोन हातात घेतल्याशिवाय सांगता येणार नाही.

पाणंद : संदेश दिसत नाही. फोटोंची प्रत आधी काढून घेतो आणि मग दाखवतो.