गणपतीच्या प्रायोजकांना आभाराचा मेल: उत्सव समितीच्या ग्रुपवरची चर्चा

(ठाणे, घोडबंदर रोडवरची एक सोसायटी. ९ सप्टेंबर २०२५.)

ताई, बी-७०२ (सांस्कृतिक): नमस्कार मंडळी. विसर्जन झालं, मंडपवाल्याचा हिशोबही मिटला. आता तिन्ही प्रायोजकांना आभाराचा मेल जायला हवा. काल आलेला मसुदा असा आहे: "आपल्या मोलाच्या सहकार्यामुळे उत्सव जल्लोषात पार पडला. हजारो भाविकांनी दर्शनाचा लाभ घेतला. पुढील वर्षीही असेच सहकार्य मिळावे ही नम्र विनंती. सोबत फोटोंची लिंक." हाच मजकूर तिघांना एकत्र पाठवायचा असं ठरत होतं. मला ते पटत नाही. दातांच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी १५,००० रुपये दिले आणि रविवारची सुट्टी सोडून आपल्याकडे शिबिर घेतलं. या मेलमधून त्यांना त्यांच्या शिबिराबद्दल काहीच कळत नाही.

काकू, सी-२०३: अगं पण पितृपक्ष सुरू झालाय. आत्ता कुणाकडे काही मागायचं का? घटस्थापना होऊन जाऊ दे.

ताई, बी-७०२: काकू, मागायचं काहीच नाहीये, आभार मानायचे आहेत. २२ तारखेला घटस्थापना आहे. एकदा नवरात्र सुरू झालं की मिठाईवाल्यांना दिवाळीपर्यंत मान वर करायला वेळ नसतो. त्यांना निवांत वाचता येईल असे हेच दिवस आहेत. शिवाय आत्ता उत्सव त्यांच्याही डोळ्यांसमोर ताजा आहे.

काकू, सी-२०३: हे बरोबर. मग उशीर नको.

खजिनदार काका, ए-४०१: मेलबरोबर वार्षिक हिशोबाचं पत्रकही जोडूया का? पारदर्शकता दिसेल.

ताई, बी-७०२: काका, पूर्ण जमाखर्च सभासदांसाठी, तो नोटीस बोर्डावर लावूच. प्रायोजकाला दोनच गोष्टी कळायला हव्यात: त्याची रक्कम कशाला लागली, आणि आपण त्याला जे कबूल केलं होतं त्यातलं काय झालं. सगळ्यांचे आकडे सगळ्यांना गेले की कमानीला किती आणि फलकाला किती याची तुलना सुरू होते. म्हणूनच मेलही तिघांना वेगळे हवेत. एकाच मेलमध्ये तिघांचे पत्ते घातले तर प्रत्येकाचा पत्ता बाकीच्यांना दिसतो आणि मजकूरही मोघम ठेवावा लागतो.

खजिनदार काका, ए-४०१: पटलं. आणखी एक. डॉक्टरांनी मला विचारलं होतं की ८०जीची सवलत मिळेल का. आपल्या सोसायटीची तशी नोंदणी नाही. त्यामुळे मेलमध्ये 'देणगी' किंवा 'करसवलत' असं कुठेही येऊ देऊ नका. पावतीवर 'प्रायोजकत्व, जाहिरात फलक' असं लिहिलं आहे, मेलमध्येही तेच राहू द्या. व्यवसायाचा जाहिरात खर्च म्हणून तो कसा दाखवायचा ते त्यांचे सीए पाहतील.

ताई, बी-७०२: उत्तम. पावतीची प्रत जोडते. आता 'हजारो भाविक' काढायचं आहे. आपल्याकडे खरे आकडे कुठले आहेत?

दादा, डी-११०४: शिबिराची नोंदवही माझ्याकडे आहे. एकूण ७१. साठीच्या पुढचे २६, पंधरा वर्षांखालची मुलं १९. महाप्रसादाची परत आलेली कुपनं ४१२. चित्रकला स्पर्धेच्या यादीत ३८ मुलं. दर्शनाला किती आले ते कुणी मोजलेलं नाही.

ताई, बी-७०२: मग दर्शनाचा आकडा लिहायचाच नाही. ४१२ कुपनं मिठाईवाल्यांच्या मेलमध्ये जातील, कारण महाप्रसादाला मोदक त्यांचे होते. ३८ मुलं क्लासेसवाल्या सरांच्या मेलमध्ये, बक्षिसं त्यांची होती. ७१ डॉक्टरांना. रांग त्यांनी स्वतः पाहिली आहे, आकडा फुगवला तर लगेच कळेल.

सी-५०४: ताई, डॉक्टरांच्या फलकाचं काय लिहायचं? अकरा दिवस लावू म्हटलं होतं. २८ च्या रात्री वाऱ्यापावसात तो मधोमध फाटला. वरची दोन टोकं बांबूला आणि बाकीचा फ्लेक्स गटारापर्यंत लोंबत होता. नवा छापून ३१ ला सकाळी लागला. त्यांनी विचारलेलं नाही, मग आपण कशाला काढायचं?

खजिनदार काका, ए-४०१: त्यांची रिसेप्शनिस्ट याच गेटवरून रोज जाते. त्यांना माहीत असणार.

ताई, बी-७०२: माहीत असो नसो, लिहायचंच. दोन वाक्यांत: कधी फाटला, किती दिवस नव्हता, कधी लावला, खर्च कुणी केला. त्याच्यापुढे क्षमायाचनेचा परिच्छेद नको आणि भरपाई म्हणून 'पुढच्या वर्षी स्टेजवर मोफत नाव' असं आश्वासनही नको. पुढची समिती वेगळी असेल, तिच्या वतीने आपण शब्द देऊ शकत नाही. पुढच्या वेळी फ्लेक्सला वारा जायला भोकं पाडून, मागे चौकट लावून घ्यायची, हे मात्र आपल्या वहीत नोंदवा.

दादा, डी-११०४: फोटोंचं सांगतो. माझ्या ड्राइव्हवर ३४० फोटो आहेत. लिंक देऊन टाकू?

ताई, बी-७०२: ३४० फोटोंतून स्वतःचा फलक शोधत कोण बसणार, दादा? प्रत्येकाला तीनच फोटो, मेललाच जोडलेले. डॉक्टरांसाठी: एक, शिबिराची रांग आणि मागे त्यांचं नाव. दुसरा, ३१ तारखेनंतरचा, नवा फलक आणि आजूबाजूची गर्दी एकाच चौकटीत. नुसत्या फलकाचा जवळून घेतलेला फोटो नको, तो तर छापखान्यातही काढता येतो. तिसरा, आरतीनंतर डॉक्टरांना श्रीफळ देतानाचा.

दादा, डी-११०४: ते तिन्ही ग्रुपवर आहेत, इथूनच उतरवून घ्या.

सी-५०४: इथून नको. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना बारीक करतं, मोठा करून पाहिला की फलकावरची अक्षरं फुटतात. दादा, मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण मूळ फोटो ७-८ एमबीचे असतील, तसेच जोडू नका. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे आणि जोडताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे असे तीन मावणारच नाहीत. मी प्रत्येक फोटो एक एमबीच्या आत आणून देतो, अक्षरं स्वच्छ राहतील. फाइलचं नावही `dental-camp-31aug-1.jpg` असं ठेवतो, पुढे शोधताना त्यांना सोपं जाईल.

दादा, डी-११०४: आणि जास्त फोटो हवे असतील तर?

सी-५०४: त्यांच्यापुरते निवडलेले दहा-पंधरा एका फोल्डरमध्ये टाका आणि शेअर करताना 'Anyone with the link' आणि 'Viewer' निवडा. नाहीतर ते लिंक दाबतील, समोर परवानगी मागायचं पान येईल आणि तुम्ही ती द्याल तेव्हा चार दिवस गेलेले असतील. पाठवण्याआधी लिंक खासगी विंडोमध्ये, लॉगिन न करता उघडून बघा. उघडली तरच पाठवा.

आई, ए-९०३: एक विनंती. शिबिरात माझी मुलगी तोंड उघडून खुर्चीवर बसली आहे असा एक फोटो आहे. तो कुठेही देऊ नका. उद्या दवाखान्याच्या भिंतीवर लागला तर मला चालणार नाही.

ताई, बी-७०२: अगदी योग्य बोललात. तपासणी चालू असतानाचा कुणाचाच फोटो जाणार नाही, मोठ्यांचाही नाही. रांगेच्या फोटोत समोरून चेहरे दिसणारी दोन मुलं आहेत. त्यांच्या आईवडिलांना मी आज विचारते. नाही म्हणाले तर पाठमोरा फोटो घेऊ. आणि जाहिरातीत वापरण्याआधी विचारा, असंही मेलमध्ये लिहिते.

काकू, सी-२०३: पुढच्या वर्षीचं आमंत्रण कसं लिहिणार? 'असेच सहकार्य मिळावे' हे मलाही हात पसरल्यासारखं वाटतं.

ताई, बी-७०२: तारीख द्यायची, काकू. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून गणपती उशिरा, १४ सप्टेंबर २०२६ ला सोमवारी येतात. उत्सवातला पहिला रविवार २० तारखेचा. डॉक्टरांना तो आत्ताच कळला तर दवाखान्याच्या वेळा ठरवताना त्यांना उपयोग होईल. रक्कम लिहायची नाही. या वर्षी दिलेली जागा पुढच्या वर्षी आधी त्यांनाच विचारू, एवढंच सांगायचं. ते नको म्हणाले तर दुसऱ्यांना विचारता यावं म्हणून जुलैअखेरची मुदत. फोन जुलैत करायचा, मधल्या काळात कुणी त्यांच्या मागे लागायचं नाही.

खजिनदार काका, ए-४०१: संपर्कासाठी कुणाचा वैयक्तिक नंबर नको. सोसायटीच्या ऑफिसचा मेलच द्या, माणसं बदलली तरी तो राहतो.

ताई, बी-७०२: तिथूनच पाठवते. डॉक्टरांचा मेल असा केला आहे, बघा सगळ्यांनी:

विषय: ३१ ऑगस्टचे दंततपासणी शिबिर: आभार, अहवाल आणि फोटो

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गणेशोत्सवासाठी आपण १५,००० रुपयांचे प्रायोजकत्व दिलेत आणि रविवारी सहकाऱ्यांसह शिबिर घेतलेत, याबद्दल समितीच्या वतीने मनापासून आभार. एक वाजता वेळ संपल्यावरही रांगेतल्या आजीआजोबांना तपासूनच आपण निघालात, याचा उल्लेख आमच्याकडे अजून होतो.

नोंदवहीनुसार ७१ जणांनी तपासणी करून घेतली. त्यांत साठीच्या पुढचे २६ आणि पंधरा वर्षांखालील १९ जण होते. आपल्या रकमेतून शिबिराचा मांडव, खुर्च्या आणि ध्वनिव्यवस्थेचा खर्च भागला. स्टेजजवळचा आपला फलक २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर लावायचे ठरले होते. २८ च्या रात्री वाऱ्यापावसात तो फाटला. त्यामुळे २९ आणि ३० तारखेला तो नव्हता. ३१ ला सकाळी नवा लावला, त्याचा खर्च समितीने केला आहे.

सोबत तीन फोटो आणि पावतीची प्रत जोडली आहे. आणखी काही फोटो लिंकवर आहेत. फोटोंत रहिवासी असल्याने ते जाहिरातीसाठी वापरायचे झाल्यास कृपया आधी आम्हाला कळवावे.

पुढील वर्षी गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर २०२६ रोजी आहे. २० सप्टेंबरच्या रविवारी शिबिर घेण्याची आपली इच्छा असेल, तर ती वेळ आणि फलकाची जागा ३१ जुलैपर्यंत आपल्यासाठी ठेवू. समिती जुलैमध्ये आपल्याला फोन करील. शिबिराच्या व्यवस्थेत काही बदल सुचवावासा वाटला तर या मेललाच उत्तर द्यावे.

आपले,
गणेशोत्सव समिती

खजिनदार काका, ए-४०१: वाचला. ३१ जुलैपर्यंत जागा ठेवायला अध्यक्षांचा होकार घेतलाय ना?

ताई, बी-७०२: हो, सकाळीच. तिघांसाठीही.

काकू, सी-२०३: मिठाईवाल्यांच्या मेलमध्ये त्यांच्या मुलाचं नाव घ्या. भर पावसात मोदकांचे ट्रे तोच घेऊन आला होता.

ताई, बी-७०२: घेते, पहिल्याच ओळीत. त्यांचं मेलकडे फारसं लक्ष नसतं, म्हणून त्यांच्यासाठी छापील प्रत आणि फोटोंच्या प्रिंटही काढते. काकू, तुम्ही दुकानात जाताना देऊन याल का?

काकू, सी-२०३: उद्या सकाळी जाते. अकराच्या आधी ते गल्ल्यावर एकटेच असतात.

सी-५०४: रांगेचा फोटो लहान करून ऑफिसच्या मेलवर टाकलाय. दोन्ही मुलांच्या घरून होकार आला की जोडा.

ताई, बी-७०२: एका घरून होकार आला, दुसऱ्या घरून नको म्हणाले. पाठमोरा लावते. दादा, रात्री नऊच्या आत मूळ फाइल द्या, लगेच तिन्ही मेल पाठवते.