शेवटच्या दिवशीच्या मेसेजमध्ये 'रजा घेतो' चालेल का?

परभणीकर : ३१ मेला सेवानिवृत्त व्हायलोय. ऑफिसच्या ग्रुपसाठी चार ओळी लिहिल्यात : "उद्यापासून चारच्या चहाला माझा कप धरू नका. आवक-जावक रजिस्टर आजपर्यंत लिहून कपाटात ठेवलंय, किल्ली नव्या बाईंकडं दिलीय. तुमच्यात दिवस कसे गेले कळलं नाही. आता रजा घेतो." शेजारच्या टेबलावरून लगेच आलं, "कोणती रजा? अर्जित का किरकोळ?" त्यांच्या मते 'निरोप घेतो' पाहिजे. मला ते श्रद्धांजलीसारखं वाटायलंय. आमचे वडील पाहुण्यांकडून निघताना 'रजा द्या' म्हणायचे.

शुद्धमती : रजा निजामानं लादलेला शब्द. 'निरोप' आपला. नि अधिक रूप, म्हणजे रूप नजरेआड होणं.

जुनी पोथी : निरोप आपला हे बरोबर, पण रूप नजरेआड करू नका. जुन्या मराठीत निरोपणं म्हणजे सांगणं. कीर्तनातलं निरूपण त्याच घरचं. म्हणून निरोप धाडतातही आणि घेतातही. घेतात ती जायची परवानगी. अरबीतली रजा म्हणजेसुद्धा संमतीच. राजी आणि राजीनामा तिचेच भाऊबंद. आणि असले शब्द मराठीत निजामाच्या फार आधी, बहमनी काळापासून आहेत.
परभणीकर, तुमची अडचण 'घेतो'नं केलीय. ऑफिसात घेतली की रजा अर्जावरच जाते. वडिलांसारखं 'आता रजा द्या' लिहा, कुणी शिल्लक रजा मोजणार नाही. 'दिवस कसे गेले' मात्र काढा. ते कोणीही लिहितं. चहाचा कप तुमचाच आहे.

नांदेडची सून : मी नोकरी सोडताना 'आज कार्यमुक्त होत आहे' लिहिलं, कारण हातातल्या पत्रात तेच होतं. संध्याकाळपर्यंत सगळे विचारत होते, बदली कुठं झाली? आता वाटतं नुसतं 'येते' लिहायला हवं होतं.

शुद्धमती : रिटायर झालेला माणूस 'येतो' म्हणून कुठं येणार? परवानगी मागायची तर मराठीत 'आज्ञा असावी' आहे.

जुनी पोथी : चहाच्या कपानंतर 'आज्ञा असावी'? दरबार भरेल.

लातूरवाला : ३१ मे म्हणजे जन्मतारीख १ जून ना? गुरुजींनी लावलेली?

परभणीकर : दुसरं काय! आईच्या हिशोबानं मी पोळ्याचा. एक तारखेचा जन्म धरला की आदल्या महिन्याअखेर घरी. आमच्या ऑफिसातले तिघं त्याच दिवशी निघायलोत.

लातूरवाला : आमच्याकडं तर अर्धं गाव १ जूनचं. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर वेगळीच तारीख निघाली, पेन्शनच्या वेळी केवढा घोळ! कुणाला दुरुस्तीचं माहीत आहे का?

नांदेडची सून : निवृत्तीच्या तोंडावर कोण दुरुस्त करून देतंय?

परभणीकर : ते राहू द्या. बाकीचे दोघं म्हणायलेत, तिघांचा मिळून एकच मेसेज टाकू. त्यांनी सुरुवात करून ठेवलीय, 'शब्द अपुरे पडतात.' आता माझा कप कुठं बसवू?